प्रॉपेन्सिटी स्कोअर मॅचिंग: जे जुळतं ते आणि जे जुळत नाही ते

प्रश्न: मी एमडी मेडिसिनच्या शेवटच्या वर्षाला आहे. थीसिससाठी आमच्या आयसीयूतल्या सेप्टिक शॉकच्या जुन्या नोंदी घेतल्या आहेत. नॉरअॅड्रेनालिनच्या जोडीला व्हॅसोप्रेसिन दिलेले आणि न दिलेले रुग्ण यांच्या मृत्यूदराची तुलना करायची आहे. रँडमायझेशन करणं शक्य नव्हतं. गाइड म्हणतात, प्रॉपेन्सिटी स्कोअर मॅचिंग कर. मॅचिंगनंतर दोन्ही गटांत सगळ्या पी-व्हॅल्यू ०.०५ च्या वर आल्या तर पुरे का? आणि मग "व्हॅसोप्रेसिनमुळे मृत्यू वाढले किंवा कमी झाले" असं लिहिता येईल का?

उत्तर:

दोन्ही प्रश्नांना "नाही" हेच उत्तर आहे, पण त्याची कारणं वेगवेगळी आहेत. ती तुमच्यासारख्याच एका खऱ्या अभ्यासावर दाखवतो. त्याचा डेटा सगळ्यांसाठी खुला आहे आणि पुढे त्याच प्रश्नावर रँडमाइज्ड ट्रायल्सही झाल्या, त्यामुळे पद्धत कुठवर पोहोचली हे ताडून पाहता येतं.

फुप्फुस धमनीत जाणारं कॅथेटर, म्हणजे स्वान-गँझ, १९७० मध्ये आलं आणि पाहता पाहता जगभरच्या आयसीयूंमध्ये रुळलं. हृदयातले दाब आणि रक्ताचा आउटपुट समजला की उपचार नेमका होतो, अशी डॉक्टरांची पक्की धारणा होती. त्यामुळे ट्रायल करणंच अवघड झालं. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये तसा प्रयत्न झाला. पण ज्या रुग्णाला कॅथेटर हवंच असं डॉक्टरांना वाटे, त्याला चिठ्ठी टाकून बिनकॅथेटरच्या गटात ढकलायला ते तयार होईनात, आणि १९९१ मध्ये छापून आला तो त्या अर्धवट राहिलेल्या प्रयत्नाचा वृत्तांत. मग १९९६ मध्ये कॉनर्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पाच टीचिंग हॉस्पिटलांच्या ५,७३५ अत्यवस्थ रुग्णांच्या नोंदी घेऊन प्रॉपेन्सिटी स्कोअर वापरला. पहिल्या २४ तासांत कॅथेटर घातलेले २,१८४ रुग्ण होते आणि न घातलेले ३,५५१. तीस दिवसांत पहिल्या गटातले ३८ टक्के गेले, दुसऱ्यातले सुमारे ३१ टक्के.

हा सात टक्क्यांचा फरक कॅथेटरचा म्हणावा का? गट मुळात सारखे नव्हतेच. कॅथेटर घातलेल्यांचा सरासरी रक्तदाब ६८ होता, न घातलेल्यांचा ८५. आजाराची तीव्रता मोजणारा अपाचेचा शारीरिक स्कोअर एकीकडे ६१ आणि दुसरीकडे ५१. म्हणजे ज्यांना कॅथेटर मिळालं ते आधीच जास्त खालावलेले होते. पण एक आकडा उलट्या दिशेने ओढतो. "पुनरुज्जीवन करू नये" अशी सूचना नोंदलेले रुग्ण कॅथेटरच्या गटात ७ टक्के होते आणि दुसऱ्या गटात १४ टक्के. अशा रुग्णांना कॅथेटर घालत नाहीत आणि त्यांचा मृत्यूही लवकर होतो, म्हणून या बाजूने पाहिलं तर कॅथेटर खऱ्याहून बरं दिसतं. कन्फाउंडिंगची दिशा अंदाजाने सांगता येत नाही ती अशी.

प्रॉपेन्सिटी स्कोअर म्हणजे, पहिल्या दिवशी नोंदीत जे दिसत होतं त्यावरून त्या रुग्णाला उपचार मिळण्याची किती शक्यता होती, हा शून्य ते एकमधला आकडा. रोझेनबॉम आणि रूबिन यांनी १९८३ मध्ये दाखवलं की स्कोअर सारखा असलेल्या रुग्णांमध्ये, उपचार मिळालेले आणि न मिळालेले यांच्यात ती सगळी नोंदलेली लक्षणं सरासरीने सारखी वाटली जातात. इथे बहुतेकांची एक गफलत होते. जोडीतले दोघे एकमेकांसारखे असायलाच हवेत असं नाही. ०.६ स्कोअरचा एक रुग्ण चाळीस वर्षांचा, रक्तदाब फारच कमी असलेला असू शकतो आणि त्याच्या जोडीला सत्तरीचा, हृदय निकामी झालेला येऊ शकतो. जुळतात ते गट. म्हणून यश तपासायचं ते गटांच्या पातळीवर.

आता तुमच्या कामाकडे येतो. मॅचिंगच्या आधी ठरवायची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे घड्याळ कधीपासून सुरू करायचं. कॉनर्सच्या अभ्यासात ही वेळ ठरलेली होती: अभ्यासात आल्यापासूनचे पहिले २४ तास. तुमच्याकडे व्हॅसोप्रेसिन कुणाला तिसऱ्या तासाला सुरू होतं, कुणाला दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सुरू होण्यासाठी रुग्ण तोवर जगलेला असावा लागतो, आणि पहिल्या रात्रीच गेलेला रुग्ण आपोआप "न दिलेल्या" गटात पडतो. औषध काहीही करत नसलं तरी ते जीव वाचवताना दिसेल, आणि कितीही सुंदर मॅचिंग केलं तरी हा दोष निघणार नाही. म्हणून नॉरअॅड्रेनालिनचा डोस एका ठराविक पातळीला पोहोचला तो क्षण शून्य धरा. त्यानंतरच्या, समजा, सहा तासांत व्हॅसोप्रेसिन सुरू झालं की नाही यावर गट पाडा आणि मृत्यू मोजायला सहा तास संपल्यावर सुरुवात करा. त्या सहा तासांत गेलेले रुग्ण दोन्ही गटांतून वगळा आणि किती वगळले ते लिहा. सहा तासांनंतर औषध मिळालेला रुग्ण "न दिलेल्या" गटातच राहतो. तेव्हा तुमची तुलना "दिलं की नाही" अशी नसून "लवकर दिलं की नाही" अशी होते, हे शीर्षकातच स्पष्ट असू द्या.

स्कोअरमध्ये घालायची लक्षणं त्या शून्य क्षणाच्या आधीचीच हवीत. "पहिल्या २४ तासांतलं सर्वांत वाईट लॅक्टेट" हा रकाना तयार मिळतो म्हणून मोह होतो, पण ते लॅक्टेट औषध सुरू झाल्यानंतरचं असू शकतं. तसं असेल तर उपचाराचा परिणामच तुम्ही जुळवून पुसून टाकाल. कॉनर्सच्या गटाने कोणती लक्षणं घ्यायची हे संगणकावर सोडलं नाही. त्यासाठी अतिदक्षतेतल्या सात तज्ज्ञांचं पॅनेल बसवलं होतं. तुम्हीही दोन-तीन सीनियरांना वेगवेगळं गाठून विचारा: व्हॅसोप्रेसिन जोडताना तुम्ही नेमकं काय पाहता? नॉरअॅड्रेनालिनचा डोस आणि तो किती वेगाने वाढतोय, लॅक्टेट, लघवीचं प्रमाण, व्हेंटिलेटर, क्रिएटिनिन, स्टेरॉइड चालू आहे का, हृदय आधीपासून कमजोर आहे का, नातेवाइकांशी उपचार मर्यादित ठेवण्याबद्दल बोलणं झालंय का. यातल्या ज्या गोष्टी मृत्यूवरही परिणाम करतात त्या घ्या. जी गोष्ट फक्त औषध मिळण्यावर परिणाम करते, उदाहरणार्थ त्या आठवड्यात औषध स्टोअरमध्ये होतं की संपलं होतं, ती स्कोअरमध्ये घालू नका. तिने स्कोअरची भाकीतक्षमता वाढते, पण बायस कमी होत नाही, उलट न नोंदलेल्या कन्फाउंडरचा बायस फुगू शकतो. ही क्षमता मोजणारा सी-स्टॅटिस्टिक ०.९ आला म्हणून मॉडेल उत्तम, असा इथे अर्थ नसतो. तो फार मोठा असेल तर दोन गट एकमेकांत मिसळतच नाहीत, म्हणजे तुलनेला माणसंच उरलेली नाहीत.

कॉनर्सचा डेटा rhc.csv या नावाने मिळतो. त्यावर हात बसवून मग स्वतःच्या नोंदींकडे वळा. आर मध्ये एवढंच लागतं:

```r
library(MatchIt); library(cobalt); library(splines)
rhc <- read.csv("rhc.csv")
rhc$z <- as.integer(rhc$swang1 == "RHC")
rhc$y <- as.integer(rhc$dth30 == "Yes")

m <- matchit(z ~ age + sex + cat1 + dnr1 + aps1 +
               ns(meanbp1, 4) + pafi1 + crea1 + surv2md1,
             data = rhc, method = "nearest",
             distance = "glm", link = "linear.logit",
             caliper = 0.2, exact = ~ cat1)

bal.tab(m, addl = ~ meanbp1, data = rhc, un = TRUE,
        binary = "std", thresholds = c(m = 0.1))
```

हे सरावापुरतं छोटं मॉडेल आहे. मूळ अभ्यासात लक्षणं पुष्कळ जास्त होती, त्यामुळे जोड्यांची संख्या तुम्हाला वेगळी मिळेल. cat1 म्हणजे मुख्य आजाराचा गट. तो तंतोतंत जुळवायला सांगितला आहे, कारण सेप्सिसच्या रुग्णाला कोमाच्या रुग्णाशी जोडणं वैद्यकीयदृष्ट्या पटत नाही. caliper = 0.2 चा अर्थ, स्कोअरच्या लॉजिटमध्ये ०.२ स्टँडर्ड डेव्हिएशनपेक्षा जास्त अंतर असेल तर जोडी लावायची नाही.

रक्तदाबाला ns(meanbp1, 4) का लावलं ते नीट पाहा. अपाचे पद्धतीत सामान्यापासून सर्वांत दूर गेलेला आकडा नोंदतात. कुणाचा तो खूप कमी असतो, कुणाचा खूप जास्त, आणि मधले आकडे थोडे. आलेख काढला तर दोन उंचवटे दिसतात. अशा लक्षणाला सरळ रेषेचा नियम लावला की स्कोअर चुकतो आणि सरासरी जुळूनही आकार जुळत नाही. म्हणून फक्त सरासरी न पाहता दोन्ही गटांचे आलेख एकावर एक ठेवून बघा. याच फाइलमध्ये वजनाच्या रकान्यात काही रुग्ण शून्य किलोचे आहेत. ती माहिती गहाळ आहे, वजन नाही. तुमच्या नोंदींतही असे शून्य आणि ९९९ सापडतील, ते मॅचिंगच्या आधी हुडकून काढा.

आता पी-व्हॅल्यूबद्दल. मॅचिंगनंतर रुग्ण कमी होतात, आणि रुग्ण कमी झाले की गटांतला फरक तेवढाच राहिला तरी पी-व्हॅल्यू वर चढते. अर्धे रुग्ण नुसते डोळे मिटून काढून टाकले तरी तुमचं टेबल "सुधारेल". त्यामुळे संतुलनाची परीक्षा रुग्णसंख्येवर न हलणाऱ्या मापाने करायची. ते माप म्हणजे प्रमाणित फरक: दोन सरासऱ्यांमधला फरक भागिले स्टँडर्ड डेव्हिएशन. अपाचे स्कोअरचा फरक १० गुणांचा आणि डेव्हिएशन सुमारे २०, म्हणजे प्रमाणित फरक ०.५. हा फार मोठा आहे. मॅचिंगनंतर तो ०.१ च्या आत आला पाहिजे, आणि मृत्यूशी घट्ट संबंध असलेल्या लक्षणांचा तर शून्याच्या जितका जवळ तितका बरा. भाजक मात्र मॅचिंगच्या आधीचाच ठेवा, नाहीतर मापाची पट्टीच मध्ये बदलते. cobalt हे आपोआप सांभाळतं.

संतुलन आलं नाही तर मॉडेल बदला: वर्गपद घाला, दोन लक्षणांची आंतरक्रिया घाला, कॅलिपर आवळा, पुन्हा टेबल पाहा. हे हवं तितक्या वेळा करता येतं, पण एका अटीवर. त्या काळात मृत्यूचा रकाना उघडायचा नाही. मी सहकाऱ्यांकडून आलेल्या फाइलमधून तो रकाना काढूनच काम सुरू करतो. जे मॅचिंग मनासारखा निकाल देतं तेच नकळत निवडलं जातं, आणि ते आपल्या स्वतःच्याही लक्षात येत नाही.

यानंतरचा भाग थीसिसमध्ये बहुतेक वेळा अजिबात नसतो. कॉनर्सच्या २,१८४ कॅथेटर रुग्णांपैकी फक्त १,००८ जणांना जोडीदार सापडला. उरलेले १,१७६ गाळले गेले, म्हणजे निम्म्याहून जास्त. असे गळणारे रुग्ण सहसा स्कोअरच्या वरच्या टोकाचे असतात, रक्तदाब कोसळलेले, ज्यांच्याकडे पाहून जवळपास प्रत्येक डॉक्टर कॅथेटर घालेल. त्यांच्यासारखा बिनकॅथेटरचा रुग्ण नोंदींत मिळत नाही. तेव्हा मिळालेलं उत्तर "कॅथेटर घातलेल्या सर्वांसाठी" राहत नाही. ते त्या मधल्या रुग्णांसाठी असतं ज्यांच्याबाबत एक डॉक्टर हो म्हणाला असता आणि दुसरा नाही. ही वाईट गोष्ट नाही, उलट खरा संभ्रम तिथेच असतो. पण वाचकाला ते कळायला हवं. म्हणून एक जास्तीचं टेबल द्या: जोडी लागलेले उपचारित रुग्ण एका रकान्यात, गाळलेले उपचारित रुग्ण दुसऱ्यात. वय, लॅक्टेट, नॉरअॅड्रेनालिनचा डोस, मृत्यूदर. हे टेबल पाहिल्यावर तुमचा निष्कर्ष कोणत्या खाटेवरच्या रुग्णाला लागू होतो हे परीक्षकांना लगेच दिसेल. सगळ्यांना ठेवायचंच असेल तर ओव्हरलॅप वेटिंगसारखे मार्ग आहेत, पण ज्याला तुलनाच नाही त्याच्याबद्दल कोणतीही पद्धत माहिती निर्माण करू शकत नाही.

निकाल काढताना जोड्या विसरू नका:

```r
library(sandwich); library(lmtest)
md  <- match.data(m)
fit <- lm(y ~ z, data = md, weights = weights)
coeftest(fit, vcov. = vcovCL, cluster = ~ subclass)
```

z समोरचा आकडा म्हणजे मृत्यूच्या शक्यतेतला थेट फरक. ०.०५ आला तर शंभरात पाच जास्त मृत्यू. डॉक्टर वाचकाला हे ऑड्स रेशोपेक्षा लवकर समजतं.

जोड्यांमध्ये कॉनर्सना तीस दिवसांच्या मृत्यूसाठी ऑड्स रेशो १.२४ मिळाला, कॉन्फिडन्स इंटरव्हल १.०३ ते १.४९. कॅथेटर घातलेल्यांमध्ये मृत्यू जास्त, तेही सगळं जुळवल्यावर. वैद्यकविश्वात खळबळ उडाली आणि कॅथेटरचा वापर थांबवण्यापर्यंत चर्चा गेली. लेखकांनी एक चांगली गोष्ट केली होती. न नोंदलेला घटक किती जबरदस्त असावा लागेल हे त्यांनी मोजलं. खरं तर फायदेशीर असलेलं कॅथेटर अपायकारक दिसायचं असेल, तर त्या लपलेल्या घटकाने मृत्यूचा धोका सहापट आणि कॅथेटर मिळण्याची शक्यताही सहापट वाढवायला हवी. सहापट ऐकून निकाल अभेद्य वाटतो.

पण हा प्रश्न "फायदा उलटून अपाय दिसेल का" असा होता. त्याआधीचा साधा प्रश्न असा की, कॅथेटरचा काहीच परिणाम नसताना १.२४ दिसायला किती पुरेल? त्यासाठी २०१७ मध्ये व्हँडरवील आणि डिंग यांनी मांडलेला ई-व्हॅल्यू वापरता येतो. मृत्यू इतके सर्रास असताना ऑड्स रेशोचं वर्गमूळ घेऊन जोखमीचं गुणोत्तर अंदाजता येतं. १.२४ चं वर्गमूळ सुमारे १.११. मग:

```
E = RR + sqrt(RR * (RR - 1))
  = 1.114 + sqrt(1.114 * 0.114) = 1.47
```

म्हणजे नोंदीत नसलेला, पण कॅथेटर आणि मृत्यू दोन्हींशी दीडपट संबंध असलेला एकच घटक सगळा परिणाम पुसायला पुरेसा आहे. इंटरव्हलच्या खालच्या टोकासाठी, १.०३ साठी, हाच आकडा फक्त १.१४ येतो. खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरला जे दिसतं ते आठवा: त्वचेचा रंग, हातपाय गार पडणं, गेल्या तासाभरातली घसरण, "हा हातातून जातोय" ही जाणीव. यातलं रकान्यात काय उतरतं? दीडपट संबंध असायला एवढं सहज पुरतं.

नंतर ट्रायल्स झाल्या. २००३ मध्ये कॅनडातल्या जास्त धोक्याच्या शस्त्रक्रियेच्या १,९९४ रुग्णांत मृत्यू ७.८ आणि ७.७ टक्के. २००५ मध्ये ब्रिटनच्या ६५ आयसीयूंमधल्या पॅक-मॅन ट्रायलमध्ये कॅथेटरच्या बाजूला ६८ टक्के आणि दुसऱ्या बाजूला ६६. २००६ मध्ये अमेरिकेत फुप्फुसांना तीव्र इजा झालेल्या १,००० रुग्णांत साठ दिवसांचे मृत्यू २७.४ आणि २६.३. कुठेही ठोस फरक नाही. यावरून मॅचिंग वाया गेलं असं मी म्हणणार नाही. ज्या काळात कॅथेटरने जीव वाचतात असं सगळे गृहीत धरत होते, त्या काळात मॅचिंगने तो फायदा दिसत नाही हे दाखवलं, आणि ते बरोबर निघालं. अपायाचा आकार मात्र ट्रायल्समध्ये टिकला नाही. काही वाटा रुग्णांच्या आणि काळाच्या फरकाचा असेल, पण लपलेल्या कन्फाउंडिंगचा संशय माझ्या मते सर्वांत पटणारा आहे.

तेव्हा तुमच्या निष्कर्षाचं वाक्य असं काहीसं ठेवा: "नॉरअॅड्रेनालिनचा अमुक डोस गाठल्यानंतर सहा तासांत व्हॅसोप्रेसिन सुरू केलेल्या आणि न केलेल्या, नोंदलेल्या लक्षणांत तुल्य असलेल्या रुग्णांमध्ये, २८ दिवसांच्या मृत्यूत इतका फरक आढळला, नोंदीत नसलेल्या आणि औषध व मृत्यू दोन्हींशी इतक्या पटीने निगडित असलेल्या घटकाने तो नाहीसा होऊ शकतो." दुसऱ्या अर्ध्या वाक्यातला आकडा तुमच्या स्वतःच्या निकालावरून काढा.

आणि तो लपलेला घटक कोणता असेल हे केवळ तर्काने सोडू नका, तुमच्याकडे केसपेपर आहेत. जोडी लागलेल्यांपैकी तीसेक जोड्या चिठ्ठ्या टाकून निवडा. मृत्यू झाला की नाही हे झाकून त्यांच्या ड्युटी नोट्स आणि सिस्टरांचे चार्ट वाचा, आणि औषध का जोडलं किंवा का नाही जोडलं याची प्रत्येक कागदावरची कारणं लिहून काढा. "घरच्यांना महाग औषध परवडत नाही" हे कारण न दिलेल्या गटात वारंवार दिसलं, तर तुमच्या स्कोअरमध्ये आर्थिक स्थितीचा रकाना हवा होता. तो नोंदणी कागदावरून, शासकीय योजनेच्या नोंदीवरून किंवा बिलाच्या प्रकारावरून अजूनही भरता येईल. मग स्कोअर पुन्हा काढा, मॅचिंग पुन्हा करा, आणि मृत्यूचा रकाना त्यानंतरच जोडा.